कडू बदामातले विष आणि दुकानातला गोड बदाम

भाईंदरच्या पश्चिमेला, खाडी आणि समुद्राच्या कडेने वसलेल्या चौक, डोंगरी, उत्तन, पाली या गावांत डिसेंबर लागला की नाताळच्या फराळाची तयारी सुरू होते. करंज्या, कलकल यांच्याबरोबर घरोघरी मार्झिपान होतं. काजू किंवा बदाम वाटायचे, साखरेच्या पाकात घोटायचे आणि शेवटी ‘आल्मंड इसेन्स’चे दोन-चार थेंब टाकायचे. थेंब पडले की सगळ्या स्वयंपाकघरात तो ओळखीचा गोडसर वास पसरतो. गंमत अशी की दुकानातून आणलेला बदाम नाकाशी धरला, तर त्याला हा वास येत नाही. चावून खाल्ला तरी येत नाही. मग ज्याला आपण ‘बदामाचा वास’ म्हणतो, तो आला कुठून?

तो आहे कडू बदामाचा वास. आणि बदामात सायनाइड असतं की नाही, या प्रश्नाचं उत्तरही याच वासापाशी सापडतं. रोज सकाळी भिजवलेले पाच-सहा बदाम खाणाऱ्या अनेकांना फोनवर कधी ना कधी ‘बदामात जहाल विष असतं’ असा निरोप आलेला असतो. हा निरोप पूर्ण खोटा नाही. पण तो ज्या बदामाबद्दल खरा आहे, तो बदाम आपल्या डब्यात नसतो.

आधी एक घोळ दूर करू. किनाऱ्यावरच्या गावांत आणि मुंबईच्या रस्त्यांच्या कडेला रुंद पानांचं, पानं लाल होऊन गळणारं जे बदामाचं झाड दिसतं, त्याचा या बदामाशी काही संबंध नाही. ते वेगळ्याच कुळातलं आहे. त्याची फळं दगडाने फोडून मुलं आतला बारीक गर खातात, त्यातही सायनाइड नसतं. आपण डब्यात ठेवतो तो बदाम पीच, जर्दाळू, आलुबुखार आणि चेरी यांचा सख्खा नातेवाईक. या घराण्याची खोड अशी की फळातली बी कडू करून ठेवायची.

दोन खोल्यांत ठेवलेलं विष

कडू बदामात तयार सायनाइड भरून ठेवलेलं नसतं. तसं असतं तर आधी बदामाचं झाडच मेलं असतं. बीच्या पेशींत असतं ते अमिग्डॅलिन नावाचं द्रव्य. साखरेच्या दोन रेणूंना बांधून ठेवलेलं हे द्रव्य जागच्या जागी निरुपद्रवी असतं. ते फोडू शकणारं विकर, म्हणजे एन्झाइम, त्याच बीमध्ये असतं, पण वेगळ्या कप्प्यात. जोवर बी शाबूत आणि कोरडी आहे, तोवर दोघांची गाठ पडत नाही.

उंदराने बी कुरतडली, माणसाने चावली किंवा कुणी मिक्सरमध्ये पाणी घालून वाटली, की कप्प्यांच्या भिंती फुटतात. ओलावा मिळतो आणि विकर अमिग्डॅलिनचे तुकडे करतं. तीन गोष्टी मोकळ्या होतात: साखर, बेंझाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड. ओळखीचा तो वास बेंझाल्डिहाइडचा. विष हायड्रोजन सायनाइडचं. एकाच रेणूतून दोघं एकाच वेळी सुटतात, म्हणून कडू बदामाच्या वासाची आणि सायनाइडची सांगड लोकांच्या मनात बसली.

बाटलीतल्या इसेन्समध्ये मात्र फक्त बेंझाल्डिहाइड असतं. ते बहुतेक वेळा कारखान्यात तयार केलेलं असतं आणि खऱ्या कडू बदामाच्या किंवा जर्दाळूच्या गरातून काढलेलं असलं, तरी खाण्यासाठी विकण्याआधी त्यातलं सायनाइड वेगळं काढलेलं असतं. त्यामुळे मार्झिपानात टाकलेल्या थेंबांची धास्ती घेण्याचं कारण नाही.

ही दोन खोल्यांची युक्ती महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला नवी नाही. पाऊस ओढ दिला की सुकत चाललेली कोवळी ज्वारी जनावराने खाल्ली, तर ते फुगतं, थरथरतं, धापा टाकतं आणि उपचार मिळाले नाहीत तर तासाभरात दगावू शकतं. तिथेही हेच घडतं. ज्वारीच्या कोवळ्या पानांत अमिग्डॅलिनचाच एक भाऊ असतो, जनावर चावतं तेव्हा तो फुटतो आणि सायनाइड सुटतं. ज्वारी वाढून पोटरीत आली की पानांतलं त्याचं प्रमाण खूप कमी होतं. दाण्यात तर त्याची भीती नसतेच, म्हणून आपली भाकरी सुरक्षित आहे. ज्वारीत हा फरक वयाने पडतो. बदामात तो जातीने पडतो.

किती असतं आणि किती घातक

कॅलिफोर्नियात २०१३ साली बदामांच्या निरनिराळ्या जातींतलं अमिग्डॅलिन मोजलं गेलं. गोड जातींत किलोमागे सरासरी ६३ मिलीग्राम, किंचित कडवट जातींत सुमारे १ ग्रॅम आणि कडू बदामात तब्बल ४० ग्रॅम भरलं. म्हणजे गोड आणि कडू बदामातला फरक दुप्पट-चौपट नाही, सहाशे पटींहून जास्त आहे. एक ग्रॅम अमिग्डॅलिन पूर्णपणे फुटलं तर त्यातून जवळपास ५९ मिलीग्राम सायनाइड निघतं. बदामाचा एक गर साधारण एक ग्रॅमचा धरला, तर हिशेब सरळ आहे. एका कडू बदामातून सुमारे २.४ मिलीग्राम सायनाइड सुटू शकतं. एका गोड बदामातून सुटतं ०.००४ मिलीग्राम.

माणसाला तोंडावाटे घातक ठरणारी मात्रा वजनाच्या दर किलोला ०.५ ते ३.५ मिलीग्राम इतकी मानतात. पन्नास किलो वजनाच्या व्यक्तीसाठी धोक्याची अगदी खालची रेषा २५ मिलीग्रामवर येते. म्हणजे दहा-बारा कडू बदाम. गोड बदामांतून तेवढं विष मिळवायचं, तर एका बैठकीत सहा-सात हजार बदाम, म्हणजे सहा-सात किलो, खावे लागतील. शिवाय थोडंसं सायनाइड पचवण्याची सोय शरीरात आहे. यकृतातलं एक विकर गंधकाच्या मदतीने त्याचं थायोसायनेट करतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. मूठभर गोड बदामांतलं सायनाइड या यंत्रणेच्या खिजगणतीतही नसतं.

लहान मुलांचा हिशेब मात्र वेगळा आहे. बारा किलोच्या मुलासाठी तीच खालची रेषा ६ मिलीग्रामवर, म्हणजे अवघ्या तीन कडू बदामांवर येते. मोठ्या माणसाला नुसतं मळमळवणारं प्रमाण लहानग्याला अत्यवस्थ करू शकतं. कडू बियांच्या बाबतीत ‘थोडंसं चालतं’ हा न्याय लहान मुलांना लावता येत नाही, तो यासाठी.

बारा बदामांची गोष्ट

हे आकडे कागदावरचे नाहीत, याची साक्ष देणारी एक घटना अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९८२ साली नोंदवली आहे. सत्तरीकडे झुकलेल्या, कर्करोग असलेल्या एका बाईंनी उपचार म्हणून कडू बदाम घ्यायचं ठरवलं. आधी त्यांनी चार-पाच बदाम खाऊन पाहिले, तेव्हा पोटात दुखलं. नंतर एकदा त्यांनी बाराएक बदाम दळून, पाण्यात कालवून घेतले. पाव तासाच्या आसपास त्यांच्या पोटात जोराची कळ आली आणि त्या कोसळल्या. रुग्णालयात सायनाइडवरचा उतारा मिळाल्याने त्या वाचल्या.

या घटनेत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, बदाम दळून पाण्यात कालवणं. त्यामुळे विकर आणि अमिग्डॅलिन पोटात जाण्याआधीच एकत्र आले आणि विष लवकर व भरपूर सुटलं. अख्खे चावलेले बदाम हेच काम सावकाश करतात, म्हणून अशा विषबाधेची लक्षणं कधी काही मिनिटांत, तर कधी तास-दोन तासांनी दिसतात. दुसरी गोष्ट, कडूपणाचा पहारा. एरवी जीभ कडू बदाम थुंकायला लावते. औषध समजून मनाचा हिय्या करून घेतलेल्या घोटाला हा पहारा थांबवू शकत नाही.

कर्करोगावर कडू बिया खाण्याची कल्पना आजही अधूनमधून फिरत असते. अमिग्डॅलिनपासून बनवलेलं ‘लेट्रिल’ आणि त्यालाच दिलेलं ‘व्हिटॅमिन बी-१७’ हे नाव, ही त्या कल्पनेची पाळंमुळं. हे व्हिटॅमिन नाही. ते न मिळाल्याने शरीरात कोणताही आजार होत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या पुढाकाराने १७८ रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली आणि १९८२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कुणाचाही कर्करोग बरा झाला नाही, आजाराची वाटचाल थांबली नाही. काही रुग्णांच्या रक्तात मात्र सायनाइडची पातळी जीवघेण्या मर्यादेजवळ पोचली होती. या औषधाची गोळी इंजेक्शनपेक्षा धोकादायक ठरते, कारण आतड्यातले जिवाणूही अमिग्डॅलिन फोडतात.

गोड बदाम गोड का?

जंगली बदाम कडूच असतो. माणसाला हजारो वर्षांपूर्वी त्यातलं एखादं झाड गोड सापडलं आणि त्याने ते जपलं. ते गोड का झालं, याचं नेमकं उत्तर २०१९ साली मिळालं. बदामाचा संपूर्ण जनुकसंच वाचल्यावर असं दिसलं की अमिग्डॅलिन बनवण्याच्या कामाला सुरुवात करून देणारी एक कळ गोड झाडांत बिघडलेली आहे. त्या कळीचं काम करणाऱ्या प्रथिनात एका जागचं अमिनो आम्ल बदललं आणि कळ दाबलीच जाईना. कळ दाबली नाही, तर कच्चा माल तयार होत नाही आणि बी कडू होत नाही. म्हणजे दुकानातल्या बदामातलं विष कुणी धुऊन, भाजून किंवा औषध मारून काढलेलं नसतं. ते मुळात तयारच झालेलं नसतं.

इथे आणखी एक बारकावा आहे आणि खरेदी करणाऱ्याच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. अमिग्डॅलिनचा कच्चा माल बीच्या गर्भात नव्हे, तर बीच्या सालीत, म्हणजे आईझाडाच्या पेशींत तयार होऊन आत जातो. त्यामुळे बी गोड की कडू हे आईझाड ठरवतं, पराग कुणाचा आला यावर ते ठरत नाही. मधमाशीने शेजारच्या कडू झाडाचा पराग आणला, तरी गोड झाडाची सगळी फळं गोडच राहतात. पण तीच गोड बी जमिनीत पेरली, तर उगवणारं नवं झाड कडू निघू शकतं. कारण बिघडलेल्या कळीची एक प्रत असली तरी झाड गोड होतं, तेव्हा अनेक गोड झाडं आपल्या पोटात कडूपणाची एक प्रत लपवून असतात. अशी दोन झाडं एकत्र आली की चारांतलं एक रोप कडू निघतं.

म्हणून मोठ्या बागांत बदाम बियांपासून लावत नाहीत. निवडलेल्या गोड झाडाची कलमं बांधतात. कॅलिफोर्नियातून भारतात येणारा बदाम अशाच कलमी बागांतला असतो, आणि आपल्या बाजारात हाच माल मोठ्या प्रमाणावर असतो. त्यात कडू दाणा क्वचितच सापडतो. काश्मीरमधल्या जुन्या बागांत मात्र बियांपासून वाढलेली झाडं पुष्कळ आहेत. अशा झाडांचा माल एकत्र झाला, की किलोभर बदामांत एखाददुसरा कडवट दाणा निघू शकतो. त्यामुळे तो माल वाईट ठरत नाही, फक्त तो अनेक झाडांच्या मिसळीचा असतो, इतकंच.

कॅलिफोर्नियाच्या बदामांना २००७ सालापासून पाश्चरायझेशन सक्तीचं झालं. ‘सायनाइड घालवण्यासाठी ते करतात’ असं सांगितलं जातं, ते बरोबर नाही. त्याआधीच्या काही वर्षांत कच्च्या बदामांतून साल्मोनेला जिवाणूंची लागण झाली होती, तिच्या बंदोबस्तासाठी तो नियम आला. तसंच आपल्याकडे रात्री बदाम भिजवून सकाळी साल काढण्याची पद्धत आहे. त्याने बदाम मऊ होतो, सालीतला तुरटपणा जातो. सायनाइडशी त्याचा संबंध नाही. उलट खरोखर कडू असलेला बदाम रात्रभर भिजवल्याने खाण्याजोगा होतो, असं मानणं चुकीचं आहे.

तोंडात कडू दाणा आला तर

सगळ्यात आधी तो थुंकावा आणि चूळ भरावी. मोठ्या माणसाने चुकून एखादा गिळला, तरी घाबरण्याचं कारण नाही. गोड बदामाच्या पाकिटात सापडणारा दाणा बहुधा किंचित कडवट जातीचा असतो आणि त्यातून सुटणारं सायनाइड ०.०६ मिलीग्रामच्या आसपास असतं. अगदी पक्का कडू निघाला, तरी तो एकटा प्रौढ माणसाच्या जिवावर उठत नाही.

प्रत्येक कडू चव सायनाइडची नसते, हेही ओळखता यायला हवं. जुना, उन्हात किंवा ओलसर जागी राहिलेला बदाम खवट होतो. त्याला जुन्या तेलाचा वास येतो आणि चव जिभेवर, घशाशी चिकटून राहते. हा तेल बिघडल्याचा परिणाम. असा दाणा बहुधा एकटा नसतो, आजूबाजूचे दाणेही तसेच लागतात. बुरशी आलेला बदाम काळपट, डागाळलेला दिसतो, तो टाकून द्यावा. खरा कडू बदाम दिसायला इतरांसारखाच असतो आणि कोरडा असताना त्याला वासही येत नाही. चावताक्षणी तीव्र कडवटपणा येतो आणि मागोमाग इसेन्सचा तो वास तोंडात दरवळतो. त्यामुळे बदाम डोळ्यांनी किंवा नाकाने निवडता येत नाहीत, ते जिभेलाच कळतं. लहान मुलांच्या खिरीत किंवा दुधात बदामाची पूड घालायची असेल, तर त्या पाकिटात कडू दाणे वारंवार निघाले आहेत का, हे आधी मोठ्यांनी चाखून बघणं इष्ट. पूड झाल्यावर, त्यातही साखर पडल्यावर, हा पहारा कमजोर होतो.

खरी सावधगिरी हवी ती बदामाच्या भावंडांबाबत. सुकामेव्याच्या दुकानात जर्दाळू, म्हणजे खुमानी, आठोळीसकट मिळते. ती फोडून आतला बदामासारखा दिसणारा गर मुलांच्या हातावर ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. काही जातींचा गर गोड असतो, काहींचा कडू, आणि बाहेरून फरक कळत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ साली सांगितलं की प्रौढाने कच्चे, लहान आकाराचे तीनपेक्षा जास्त गर एका वेळी खाल्ले तरी सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. लहान मुलाच्या बाबतीत एक गरही पुरतो. ही मर्यादा मुद्दाम काटेकोर ठेवलेली आहे, ती ओलांडली की मृत्यू, असं नाही. पण कडू लागलेला गर मुलाला मुळीच देऊ नये, इतकं त्यातून घ्यायला हरकत नाही.

कुणी कडू बिया अनेक खाल्ल्या असतील आणि त्यानंतर डोकेदुखी, गरगरणं, उलटी, छातीत धडधड, धाप किंवा गुंगी जाणवू लागली, तर वेळ दवडू नये. सायनाइड रक्तातला प्राणवायू कमी करत नाही. पेशींना तो वापरताच येऊ नये, अशी व्यवस्था करतं. म्हणून रुग्ण धापा टाकत असतो, तरी सुरुवातीला ओठ निळे पडत नाहीत आणि पाहणाऱ्याची फसगत होते. घरी उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये, दूध किंवा ताक पाजत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि उरलेल्या बिया बरोबर न्याव्यात. किती खाल्ल्या, अख्ख्या की वाटून, किती वाजता, एवढं डॉक्टरांना सांगता आलं, तर निदान पुष्कळ लवकर होतं. रुग्णालयात प्राणवायू लगेच सुरू करता येतो. हायड्रॉक्सोकोबालामिन किंवा सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट हे सायनाइडवरचे उतारे आहेत, पण ते देण्यासाठी कडू बियांचा संशय आधी कुणाला तरी यावा लागतो. तो संशय बहुतेक वेळा रुग्णाच्या घरच्यांनी आणलेल्या पुडीवरूनच येतो.